आरओसी वक्र आणि प्रिसिजन-रिकॉल वक्र

आरओसी म्हणजे रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक. नावातला ‘रिसीव्हर’ रडारचा आहे. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंगाट, या दुसऱ्या महायुद्धातल्या प्रश्नातून ही पद्धत आली. पुढे ती मानसशास्त्रात आणि वैद्यकात रुळली.

वर्गीकरणाचे मॉडेल प्रत्येक नोंदीला गुण देते आणि गुणांचा उंबरठा ओलांडणारी नोंद ‘संशयित’ ठरते. उंबरठा खाली आणत गेले की दोन प्रमाणे वाढतात. खऱ्या संशयितांपैकी किती सापडले, हे उभ्या अक्षावर मांडतात. निर्दोषांपैकी किती विनाकारण अडकले, हे आडव्या अक्षावर. वक्र डाव्या वरच्या कोपऱ्याकडे जितका झुकेल तितके मॉडेल चांगले. कर्णरेषेवर असेल तर ती नाणेफेक. वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे एयूसी. हॅनली आणि मॅकनील यांनी १९८२ मध्ये त्याचा सोपा अर्थ रूढ केला: एक संशयित आणि एक निर्दोष नोंद सहज उचलली, तर संशयिताला जास्त गुण मिळाले असण्याची ती शक्यता आहे.

अडचण विषम विदेत येते. युरोपातील कार्डधारकांच्या सप्टेंबर २०१३ मधील दोन दिवसांच्या प्रसिद्ध विदासंचात २,८४,८०७ व्यवहार आहेत आणि त्यांत फसवणुकीचे फक्त ४९२. समजा, एका मॉडेलने त्यांतले ३९४, म्हणजे ८० टक्के पकडले आणि निर्दोषांपैकी १ टक्का अडवले. आरओसीवर हा बिंदू देखणा दिसतो. पण निर्दोषांचा १ टक्का म्हणजे सुमारे २,८४३ व्यवहार. तपासनिसाच्या टेबलावर ३,२३७ प्रकरणे येतात आणि त्यांत खरी जेमतेम १२ टक्के. दुसऱ्या मॉडेलने तितकेच पकडून ०.१ टक्काच निर्दोष अडवले, तर ६७८ प्रकरणांत ५८ टक्के खरी निघतात. कामात एवढा फरक; दहा सेंटिमीटर रुंद आरओसी आलेखावर मात्र हे दोन बिंदू एकमेकांपासून एक मिलिमीटरही दूर नसतात.

प्रिसिजन-रिकॉल वक्र हाच फरक उघड करतो. पकडलेल्यांत खरे किती, ते प्रिसिजन. खऱ्यांपैकी पकडले किती, ते रिकॉल. वरच्या उदाहरणात रिकॉल तोच राहतो आणि प्रिसिजन १२ वरून ५८ वर जाते. निर्दोषांचा प्रचंड आकडा या मांडणीत छेदस्थानी येतच नाही.

मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. नाणेफेकीची पातळी इथे ०.५ नसते, ती फसवणुकीच्या प्रमाणाइतकी, म्हणजे ०.००१७ असते. चाचणीसाठी ४९२ निर्दोषच निवडून विदा समसमान केली, तर पहिल्याच मॉडेलचे प्रिसिजन ९९ टक्क्यांच्या घरात जाते. तो आकडा प्रत्यक्षात कामाचा नाही. विषम विदेत आरओसी पूर्ण टाळावा का, यावर मतभेद आहेत.

scikit-learn मध्ये यासाठी `roc_auc_score` आणि `average_precision_score` ही फलने आहेत. दोन्हींना मॉडेलचे मूळ गुण द्यावेत. उंबरठा लावून झालेले हो-नाही दिले तर वक्र एकाच बिंदूवर येऊन ठेपतो.