राउटर : बंद कपाटातील उष्णता आणि आपोआप होणारे रीस्टार्ट

वीज गेलेली नसताना आणि कोणी हात लावलेला नसताना घरातला राउटर मधूनच बंद पडून पुन्हा चालू होणे, हा इंटरनेट जोडणीतील नेहमीचा बिघाड आहे. राउटर टीव्ही युनिटच्या दाराआड, शू-रॅकवरच्या खणात किंवा माळ्यावर ठेवलेला असेल आणि त्रास दुपारनंतर किंवा उन्हाळ्यात वाढत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवण्याआधी दार उघडून पाहणे स्वस्त पडते.

बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापरासाठीचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. हा आकडा खोलीचा नसून राउटरच्या खोक्याला लागून असलेल्या हवेचा आहे. राउटर टेबलावर उघडा असेल तर दोन्हींत फारसा फरक नसतो. दार लावलेल्या कपाटात मात्र तो मोठा असतो, आणि या बिघाडाचे मूळ बहुधा याच फरकात सापडते.

फरक किती पडतो, हे एका उदाहरणाने पाहू. ६० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच आणि ३० सेंमी खोल असा १८ मिमी प्लायचा खण आहे आणि त्याची पाठ भिंतीला टेकलेली आहे. आत राउटर (सुमारे १० वॅट), फायबरचा ओएनटी (सुमारे ६ वॅट) आणि सेट-टॉप बॉक्स (सुमारे १२ वॅट) आहेत, शिवाय त्यांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये वाया जाणारी थोडी वीज. एकूण ३० वॅट धरू. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बऱ्याच मॉडेलांचा वीजवापर फारसा उतरत नाही, त्यामुळे टीव्ही बंद असतानाही हा आकडा जवळपास कायम राहतो. आत आलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती बाहेर पडायला फक्त प्लायच्या पाच बाजू उरतात. त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ०.८४ चौरस मीटर. आतली हवा, प्लाय आणि बाहेरची हवा असा सगळा अडथळा धरला, तर आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे या खणातून साधारण २.२ वॅट बाहेर जातात. म्हणजे ३० वॅट बाहेर पडण्यासाठी आतली हवा खोलीपेक्षा जवळपास १४ अंश गरम व्हावी लागते.

मे महिन्यात खोलीत ३८ अंश असतील तर खणात ५२. एसी लावून खोली २६ अंशांवर आणली तरी खणात ४०, म्हणजे ऐन मर्यादेवर. ‘आमच्या खोलीत तर एसी आहे’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कूलर नसलेल्या बंद खोलीत काय होत असेल याचा हिशेब वेगळा मांडायला नको. प्लायला स्वतःला तापायला दोन-तीन तास लागतात. म्हणून ऊन डोक्यावर असताना राउटर नीट चालतो आणि चार-पाच वाजता त्रास देऊ लागतो.

आता ५२ अंशांच्या हवेने राउटर बंद का पडावा? मुख्य चिप सहसा १०५ ते १२५ अंशांपर्यंत चालेल अशी बनवलेली असते. प्लास्टिकच्या खोक्यात पंखा नसल्याने ती बाहेरच्या हवेपेक्षा ४० अंशांनी गरम असली, तरी ९२ अंशच होतात. त्यामुळे चिपने जीव वाचवण्यासाठी स्वतःला बंद केले, हे लोकप्रिय स्पष्टीकरण पुष्कळदा खरे नसते. आधी बिघडतात ते तिच्या शेजारचे घटक.

त्यांत पहिली रॅम. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर३ प्रकारच्या रॅममध्ये सगळी स्मृती एकदा भरून काढण्याची मुदत ८५ अंशांपर्यंत ६४ मिलिसेकंद असते. त्यापुढे भार लवकर गळतो, म्हणून मुदत निम्मी, म्हणजे ३२ मिलिसेकंद करावी लागते. ही व्यवस्था राउटरमध्ये नसेल किंवा रॅम ९५ अंशांच्याही पुढे गेली, तर कुठला तरी बिट १ चा ० होतो. तो बिट एखाद्या व्हिडिओच्या तुकड्यातला असेल तर कोणाला कळतही नाही. तो राउटरच्या मूळ प्रणालीतला असेल तर प्रणाली कोसळते किंवा गोठते. गोठलेल्या प्रणालीवर लक्ष ठेवणारा ‘वॉचडॉग’ हा टायमर ठरलेल्या वेळेत खूण मिळाली नाही की राउटरला रीसेट करतो. कोणता बिट कधी उलटेल याला नियम नाही. म्हणूनच हे रीस्टार्ट कधी दहा मिनिटांत दोनदा होतात, तर कधी दिवसभर होत नाहीत.

दुसरा घटक म्हणजे राउटरच्या बोर्डावरची, १२ व्होल्टचे १ ते ३.३ व्होल्ट करणारी व्होल्टेज कन्व्हर्टरची छोटी चिप. तिच्यात उष्णतेपासून संरक्षणाची सोय असते. फार तापली की ती पुरवठा तोडते आणि काही अंश थंड झाली की पुन्हा देते. असे होत असेल तर दिवे पूर्ण विझतात आणि रीस्टार्ट साधारण सारख्या अंतराने होत राहतात.

तिसरा घटक अ‍ॅडॅप्टर. तो राउटरशेजारीच, त्याच गरम हवेत बसलेला असतो आणि घरात त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. आतला द्रव वाळत जातो, पुरवठ्यातली थरथर वाढते. घरातले चार जण एकदम व्हिडिओ पाहू लागून राउटरने जास्त प्रवाह ओढला की व्होल्टेज क्षणभर खाली जाते. तेवढ्यानेही राउटर रीसेट होतो. इथे एक फसवी गोष्ट आहे. मल्टिमीटर लावला तर असा अ‍ॅडॅप्टर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मोजताना त्यावर भार नसतो. दुसरे असे की वाळलेला कपॅसिटर गरम असताना बरा चालतो आणि गार असताना अडतो. त्यामुळे रात्री वीज जाऊन पहाटे आली आणि राउटर तीन-चार वेळा धडपडून मग सुरू झाला, तर बिघाड उष्णतेने केलेला असला तरी तो आता अ‍ॅडॅप्टरमध्ये कायमचा बसला आहे, असे समजावे. कपाट मोकळे केल्याने तो दुरुस्त होणार नाही.

वायफाय गेले पण दिवे चालू राहिले आणि केबलने जोडलेला संगणक नीट चालतो, तर त्याला रीस्टार्ट म्हणू नये. तापलेला वायफायचा भाग काही राउटरमध्ये आपली शक्ती कमी करतो किंवा थांबतो. कारण उष्णताच असू शकते, पण लक्षण वेगळे आहे.

निदानासाठी राउटरच्या सेटिंग पानावरचा ‘अपटाइम’ पाहावा. इंटरनेट गेल्यानंतर तो शून्यापासून सुरू झाला असेल तर राउटर खरोखर रीस्टार्ट झाला. तो चालूच असेल तर राउटर रीस्टार्ट झालेला नाही. मग दोष जोडणीत किंवा वर सांगितलेल्या वायफायच्या भागात शोधावा. लॉगवर फार विसंबू नये. बहुतेक घरगुती राउटरचा लॉग रॅममध्येच असतो आणि रीस्टार्टबरोबर पुसला जातो. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली घातलेल्या काही राउटरवर तापमानही वाचता येते :

```
uptime
cat /sys/class/thermal/thermal_zone0/temp
```

दुसऱ्या ओळीचे उत्तर `92000` आले तर चिप ९२ अंशांवर आहे. ही सोय नसेल तर खणात, राउटरपासून चार बोटांवर, साधा डिजिटल थर्मामीटर दुपारभर ठेवावा. राउटरला हात लावून ठरवू नये, कारण निरोगी राउटरही हाताला गरमच लागतो.

चाचणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त दार उघडे ठेवावे, बाकी काही बदलू नये. तशाच उन्हाच्या दोन-तीन दुपारी त्रास थांबला तर उष्णता सिद्ध झाली. थांबला नाही तर राउटर तिथेच ठेवून त्याच व्होल्टेजचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॅप्टर लावावा. दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर त्रास जातो, पण कारण कळत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात तीच कहाणी पुन्हा सुरू होते.

वायुवीजनाबाबत सर्वांत मोठा गैरसमज वायरच्या भोकाचा आहे. सुतार वायरीसाठी पाठीला ३५ मिमीचे भोक पाडतो आणि ‘हवा खेळते’ असे सांगतो. त्या भोकाचे क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस सेंमी, आणि तेही वायरींनी भरलेले. गरम हवा वर चढते हे खरे, पण तिला वरून बाहेर पडायला आणि तिच्या जागी थंड हवेला खालून आत यायला वाट हवी. एकाच भोकातून दोन्ही धडपणे होत नाही. वरच्या उदाहरणातली १४ अंशांची वाढ निम्म्यावर, म्हणजे ७ अंशांवर आणायची तर खाली एक आणि वर एक, प्रत्येकी सुमारे ११० चौरस सेंमीची, म्हणजे साधारण तळहाताएवढी मोकळी जागा लागते. जाळी लावली तर जाळीने अडवलेला भाग वजा होतो, म्हणून खाच आणखी मोठी ठेवावी. भिंतीपासून खण थोडा पुढे ओढून पाठीचा प्लाय काढून टाकणे यापेक्षा सोपे आणि जास्त परिणामकारक आहे.

पंखा बसवायचा तर छोटा पुरतो. ३० वॅटची सगळी उष्णता हवेने वाहून न्यायची आणि वाढ ५ अंशांवर ठेवायची, तर सेकंदाला सुमारे ५ लीटर हवा लागते. ८० मिमीचा संगणकाचा पंखा ती आरामात देतो, पण त्यालाही आत येणाऱ्या हवेची वाट हवीच. बंद खणात फिरणारा पंखा तीच गरम हवा ढवळत बसतो. पंखा वर, हवा बाहेर फेकणारा बसवावा, त्याला त्याच्या व्होल्टेजचा वेगळा अ‍ॅडॅप्टर द्यावा आणि धूळ महिन्यातून एकदा झटकावी.

मिनी यूपीएसबद्दल सावधगिरी हवी. वीज सतत जाते अशा गावांत तो आता घरोघरी आहे आणि राउटरलाच चिकटवून ठेवलेला असतो. त्यातल्या लिथियम सेलना चार्जिंगच्या वेळी सहसा ४५ अंशांची मर्यादा असते. ५२ अंशांच्या खणात ते लवकर निकामी होतात आणि फुगूही शकतात. काहीच बदलता येत नसेल तरी यूपीएस आणि अ‍ॅडॅप्टर एवढे तरी खणाबाहेर काढावेत. त्यांची उष्णताही त्यांच्याबरोबर बाहेर जाते.

राउटर दुसऱ्या उपकरणावर रचून ठेवू नये, त्यावर रुमाल किंवा कव्हर घालू नये. भिंतीवर उभा टांगलेला राउटर कपाटातल्यापेक्षा थंड राहतो आणि त्याचे वायफायही चांगले पोहोचते. लोखंडी पेटी प्लायपेक्षा उष्णता थोडी बरी सोडते, पण वायफाय अडवते, त्यामुळे तो पर्याय घरासाठी बाद धरावा. उघड्यावर, ३० अंशांच्या खोलीत, नव्या अ‍ॅडॅप्टरवरही राउटर आठवडाभर रीस्टार्ट होत राहिला, तर त्याच्या बोर्डावरचेच घटक खराब झाले आहेत किंवा फर्मवेअरमध्ये दोष आहे. फर्मवेअर अद्ययावत करून पाहावे. तरीही फरक पडला नाही तर राउटर बदलावा, आणि नवा त्याच बंद खणात ठेवू नये.