प्रश्न विचारण्याची शिस्त : सॉक्रेटिस, ‘रशीदिया’ आणि बारावीचा वर्ग

सप्टेंबर १५५६ मध्ये अबिसिनियाकडे निघालेले एक छपाईयंत्र गोव्यात उतरले आणि पुढे न जाता तेथेच राहिले. भारतातील मुद्रणाची सुरुवात त्या यंत्रापासून मानली जाते, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्या यंत्रावर प्रथम काय छापले गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते धर्मपुस्तक नव्हते, सरकारी फर्मानही नव्हते. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात विद्यार्थी जाहीर वादसभेत ज्या विधानांचे समर्थन करीत, त्या विधानांची ती पाने होती. वाद हा त्या काळी अध्ययनाचाच भाग समजला जाई. विद्यार्थ्याने आपले विधान आधी सर्वांसमोर लेखी मांडायचे आणि मग आक्षेपांना उत्तरे द्यायची, अशी युरोपातील विद्यापीठांची रीत होती.

हीच रीत, अधिक काटेकोर नियमांसह, इस्लामी विद्याकेंद्रांतही नांदत होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शम्सुद्दीन समरकंदी यांनी वादाचे नियम एका छोट्या ग्रंथात बांधले. त्यांचे वैशिष्ट्य असे की हे नियम त्यांनी केवळ फिकहपुरते ठेवले नाहीत. तत्त्वज्ञान, गणित, कायदा अशा कोणत्याही विषयातील चर्चेला ते लागू पडतील अशा रीतीने मांडले. पुढे सय्यद शरीफ जुरजानी (मृत्यू १४१३) यांनी याच विषयावर ‘शरीफिया’ लिहिली आणि जौनपूरचे अब्दुर्रशीद (मृत्यू १६७२) यांनी तिच्यावर ‘रशीदिया’ ही टीका लिहिली. लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने जो अभ्यासक्रम रूढ झाला, त्या दर्स-ए-निजामीत ‘मुनाजरा’ या विषयासाठी ‘रशीदिया’ नेमली गेली. याचा अर्थ असा की उत्तर हिंदुस्थानातील मदरशात वादपद्धती हा फावल्या वेळचा उपक्रम नव्हता, तो नेमलेल्या पुस्तकाचा विषय होता.

या शास्त्रातील काही शब्द मराठी वाचकाला परके वाटणार नाहीत. दावा, दलील, सनद, मना हे शब्द कचेरीच्या वाटेने मराठीत येऊन केव्हाच स्थिरावले आहेत. मुनाजऱ्यात मात्र त्यांचे अर्थ अधिक नेमके आहेत. एक जण दावा मांडतो, तो प्रतिपादक. दुसरा साइल, म्हणजे प्रश्नकर्ता. सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रतिपादकावर असते. प्रश्नकर्त्याने त्याच्या उलट काही सिद्ध करून दाखवलेच पाहिजे, असे बंधन नसते. त्याच्यापुढे तीन वाटा खुल्या असतात. पहिली ‘मना’ : दलिलीतील अमुक एक विधान मान्य नाही, ते सिद्ध करा, असे बोट ठेवून सांगणे. त्यासाठी तो आधार देऊ शकतो, त्यालाच सनद म्हणतात. पण सनद देणे त्याला सक्तीचे नाही. दुसरी ‘नक्ज’ : हीच दलील खरी मानली तर दुसरीकडे उघड खोटा निष्कर्ष निघतो, असे दाखवणे. येथे उदाहरण दिलेच पाहिजे, नुसते म्हणून भागत नाही. तिसरी ‘मुआरजा’ : प्रतिपादकाच्या दलिलीला हात न लावता उलट निष्कर्षाची स्वतंत्र दलील उभी करणे. ही वाट धरताच भूमिका बदलतात आणि सिद्ध करण्याचा भार प्रश्नकर्त्याकडे येतो.

प्रतिपादक स्वतःचा दावा न मांडता एखाद्या ग्रंथाचे मत सांगत असेल, तर त्याला दलील विचारायची नाही. ते मत त्या ग्रंथात खरोखर आहे काय, एवढेच विचारायचे. ‘पुस्तकात दिले आहे, सर’ हे उत्तर रोज ऐकणाऱ्या शिक्षकांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

सॉक्रेटिसच्या प्रश्नपद्धतीशी ताडून पाहिले की या शिस्तीचा नेमका उपयोग ध्यानात येतो. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवतो. त्याचे क्षेत्रफळ चार चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा बेधडक सांगतो, चार फूट. मोजून पाहता क्षेत्रफळ सोळा भरते. मग तो तीन फूट म्हणतो. ते नऊ भरते. आता तो कबूल करतो की आपल्याला माहीत नाही. येथवरचा भाग अध्यापनाचा उत्तम नमुना आहे, कारण प्रत्येक चूक मुलाने स्वतः मोजून ओळखली. त्यानंतर मात्र कर्ण काढण्याची कल्पना सॉक्रेटिसच पुढे आणतो आणि मुलाकडे बहुतांशी ‘होय’ म्हणण्याचे काम उरते. आपल्या वर्गांतील बरीचशी ‘प्रश्नोत्तर पद्धती’ या उत्तरार्धासारखीच असते, पूर्वार्धासारखी नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. नीतीविषयक संवादांत सॉक्रेटिस समोरच्याची तीन-चार मते घेतो आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत असे दाखवतो. त्यांपैकी नेमके कोणते मत चुकीचे, हे मात्र विसंगती दाखवल्याने ठरत नाही. समोरचा गोंधळतो, कधी रागावतो, आणि निघून जातो. गणितात मोजून पाहता येते म्हणून तो मुलगा सावरला. इतिहासात किंवा समाजशास्त्रात तशी सोय नसते. ‘मना’चा नियम येथे उपयोगी पडतो, कारण तो विद्यार्थ्याला विसंगतीपाशी थांबू देत नाही. दलिलीतील कितवे विधान नाकारतोस, ते सांग, असे तो बजावतो.

बारावीच्या इतिहासाच्या तासाला हे कसे उतरेल, ते गोव्याच्या त्याच यंत्राच्या उदाहरणाने पाहता येते. प्रतिपादक विद्यार्थी फळ्यावर तीन ओळी लिहितो. एक : जेथे छपाई येते तेथे सर्वसामान्यांत शिक्षण पसरते. दोन : भारतात छपाई सर्वांआधी, १५५६ मध्ये, गोव्यात आली. तीन : म्हणून सर्वसामान्यांचे शिक्षण गोव्यात सर्वांआधी पसरले. वर्गात सत्तर विद्यार्थी असले तरी हरकत नाही. प्रत्येकाने वहीत फक्त एवढेच लिहायचे की आपण कितवी ओळ नाकारतो आणि का. पाच मिनिटांनी एकच प्रश्नकर्ता उभा राहतो.

तो म्हणतो, पहिल्या ओळीला मना. सनद अशी : ते यंत्र धर्मसंस्थेच्या हाती होते, आणि जे छापले जाई ते लोकांच्या भाषेतच असेल असे नाही. प्रतिपादक गप्प बसत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, आणि ते मराठीत आहे, असे तो उत्तर देतो. उत्तर वजनदार आहे. प्रश्नकर्ता पुन्हा मना करतो : ते रोमन लिपीत छापले होते, मोडी किंवा देवनागरी वाचणाऱ्याला ते कसे वाचता येणार? प्रतिपादकाला येथे पहिली ओळ दुरुस्त करावी लागते : लोकांच्या भाषेत आणि त्यांना येणाऱ्या लिपीत छपाई आली तर.

दुसरा विद्यार्थी नक्ज मांडतो. छपाई आधी तर शिक्षण आधी, ही दलील खरी मानली तर गोवा मुंबईच्या सदैव पुढे असायला हवा. पण गोव्यातील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडली आणि १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८२२ मध्ये तर मुंबईत शालेय पुस्तके तयार करण्यासाठी सोसायटी स्थापन झाली होती आणि तिची मराठी पुस्तके निघू लागली. तेव्हा ‘आधी येणे’ पुरेसे नाही. टिकून राहणेही हवे. तिसरा विद्यार्थी मुआरजा करतो : १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा उचलावी असा हुकूम काढला. ज्या राज्यात लोकभाषेलाच मनाई, तेथे लोकशिक्षण पसरणे शक्य नव्हते. आता भार या विद्यार्थ्यावर आला. पहिला प्रतिपादक प्रश्नकर्ता होऊन विचारतो, हुकूम निघाला म्हणजे तो अमलात आला, हे कशावरून? या मनेला वर्गात उत्तर मिळत नाही. ते ग्रंथालयात शोधावे लागते, आणि पुढच्या तासाचा गृहपाठ आयताच ठरतो.

हे बिघडते कोठे, हेही जुन्या ग्रंथांना ठाऊक होते. प्रश्नकर्ता आपला भार नसताना मध्येच स्वतःचा सिद्धान्त सिद्ध करू लागला, तर त्याला ते ‘गस्ब’, म्हणजे दुसऱ्याची जागा बळकावणे, म्हणत. वर्गात हा दोष विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकाकडून अधिक घडतो. प्रश्न विचारता विचारता तो व्याख्यान देऊ लागतो. लागोपाठ तीन वाक्ये प्रश्नचिन्हाशिवाय गेली की हे घडले असे समजावे. उघड गोष्टही केवळ हरायचे नाही म्हणून नाकारत राहणे, याला ‘मुकाबरा’ हे नाव आहे. न्यायदर्शनाने वाद, जल्प आणि वितंडा असे जे भेद केले त्यांच्याशी याचे नाते दिसते. मराठीत त्यांतला ‘वितंडवाद’ तेवढा बोलण्यात उरला, हे काहीसे दुर्दैवच.

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा या दोषांना आळा घालत नाहीत, उलट कधीकधी खतपाणी घालतात. तेथे बाजू चिठ्ठीने मिळते, पाच मिनिटांचे भाषण पाठ असते आणि गुण आवाज, आवेश व मुद्दे यांना विभागून दिले जातात. प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या विधानाला उत्तर दिले, याची नोंद क्वचितच होते. मुनाजऱ्याचेही असेच झाले. एकोणिसाव्या शतकात हा शब्द जाहीर सभेतील धार्मिक सामन्याला चिकटला. एप्रिल १८५४ मध्ये आग्ऱ्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फँडर यांच्यात झालेला वाद दोन दिवसांनी थांबला आणि ठरलेल्या विषयांपैकी पुढचे तसेच राहिले. विधान मागे घेण्याची मोकळीक वर्गात असते. हजारोंच्या नजरेसमोर ती राहत नाही.

पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. दलिलीची जोडणी ढिली कोठे आहे, हे ती दाखवते. एखादी नोंद खरी की खोटी, हे ती सांगू शकत नाही. वरच्या उदाहरणातील दुसऱ्या ओळीला, म्हणजे १५५६ या सालाला, वर्गात कोणीच मना केली नाही. तशी केली असती तर प्रतिपादकाला त्या काळच्या जेझुइट पत्रांकडे बोट दाखवावे लागले असते, कारण सेंट पॉल कॉलेजातील वादसभेची ती पहिली छापील पाने आज कोठेही उपलब्ध नाहीत.