शून्याकडे जाणारी रेघ

1911 साली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाचा एक निबंध छापून आला. विषय होता दगडी धरणाच्या भिंतीत पडणारे ताण. समीकरणे सरळ सुटत नव्हती, म्हणून त्याने भिंतीवर चौकटींची कल्पित जाळी टाकली आणि चौकटीगणिक हाताने आकडेमोड केली. जाळी जितकी बारीक तितके उत्तर खरे, पण तितकेच कष्टही जास्त. तेव्हा त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली: जाळीमुळे येणारी चूक मनमानी नसते, ती एका नियमाने कमी होते. मग अतिबारीक जाळीच्या वाटेला जायचेच कशाला? दोन जाड जाळ्यांची उत्तरे घ्यावीत, चूक कोणत्या चालीने घटते ते पाहावे आणि चूक शून्य असती तर काय आले असते ते कागदावरच काढावे.

याचा प्रत्यय घरी घेता येतो. त्रिज्या 1 असलेल्या वर्तुळात समभुज षट्कोन काढला, तर त्याची अर्धी परिमिती बरोबर 3 येते. बारा बाजूंची आकृती घेतली तर 3.1058. बाजू दुप्पट झाल्या की चूक साधारण चौथाईवर येते. म्हणजे 3 वरून 3.1058 वर जाताना चुकीचा तीन-चतुर्थांश गेला आणि एक-चतुर्थांश उरला. झालेल्या वाढीचा तिसरा हिस्सा, 0.0353, आणखी मिळवला की 3.1411 येते. पायचे मूल्य 3.1416. दोन चुकीच्या उत्तरांतून निघालेले हे तिसरे उत्तर दोघांपेक्षा कितीतरी जवळचे आहे, आणि यासाठी तिसरी आकृती काढावी लागलेली नाही. 1927 मध्ये रिचर्डसनने जे. ए. गाँट यांच्याबरोबर ही रीत सविस्तर मांडली, आणि ती त्याच्या नावाने रूढ झाली.

सुमारे नव्वद वर्षांनी हीच रीत क्वांटम संगणकाच्या दारात आली. 2016 च्या अखेरीस, काही आठवड्यांच्या अंतराने, दोन गटांनी ती स्वतंत्रपणे सुचवली: यिंग ली आणि सायमन बेंजामिन यांनी, आणि आयबीएममधल्या टेम्मे, ब्राव्ही व गॅम्बेटा यांनी. जाळीच्या जागी आता गोंगाट होता. क्युबिटवर चालवलेले प्रत्येक गेट थोडे बिघडते, बिघाड साचत जातो आणि शेवटी मोजलेली सरासरी शून्याकडे ढळते. गोंगाट कमी करणे हातात नाही. पण वाढवणे आहे! तो मुद्दाम तिप्पट करा, पाचपट करा, प्रत्येक वेळी उत्तर मोजा आणि त्या बिंदूंतून जाणारी रेघ मागे शून्य गोंगाटापर्यंत ओढा. रोगाचे शमन करण्यासाठी आधी रोग वाढवणारी ही विद्या आहे, आणि ‘शमन’ हाच शब्द तिला शोभतो. निर्मूलन ती करत नाही.

गोंगाट वाढवायचा कसा? आयबीएमच्या गटाने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गेटचे मायक्रोवेव्ह स्पंद लांबवले. तेच काम सावकाश केले की क्युबिटला बिघडायला जास्त वेळ मिळतो. त्यात प्रत्येक लांबवलेला स्पंद नव्याने जुळवून घ्यावा लागतो. याहून सोपी युक्ती म्हणजे घडी घालणे. सीनॉट हे गेट लागोपाठ दोनदा चालवले की स्वतःलाच पुसते. म्हणून एका सीनॉटच्या जागी तीन ठेवले तर गणित तेच राहते, पण गोंगाट जवळपास तिप्पट होतो.

नवशिक्याचा पाय हमखास इथे घसरतो. सर्किट यंत्रावर जाण्यापूर्वी कंपायलर ते आटोपशीर करतो. लागोपाठचे दोन सीनॉट दिसले की त्याला ते निरुपयोगी वाटतात आणि तो ते काढून टाकतो. ओळखायचे कसे? एकपट, तिप्पट आणि पाचपट गोंगाटाची उत्तरे जवळपास सारखीच आली की समजावे, घड्या पोचल्याच नाहीत. त्या सपाट रेघेला ‘गोंगाट अत्यल्प आहे’ असे समजणे फार महागात पडते. म्हणून घड्यांच्या मध्ये अडसर घालावा आणि यंत्राला प्रत्यक्ष गेलेल्या सर्किटातली गेटे मोजून पाहावीत.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. खरे उत्तर 1 आहे आणि गोंगाटाच्या प्रत्येक पटीला त्यातला 0.7 भाग उरतो. मग एकपटीला 0.70, तिपटीला 0.343 आणि पाचपटीला 0.168 मिळेल. पहिल्या दोन बिंदूंतून सरळ रेघ काढली तर शून्यावर 0.88 येते. तिन्हींतून रिचर्डसनच्या रीतीने वक्र काढला तर 0.95. घातांकी वक्र बसवला तर नेमके 1, कारण आपण उदाहरणच तसे रचले. खऱ्या यंत्राचा गोंगाट कोणत्या वळणाने जातो हे कुणी आधी सांगत नाही, आणि वक्राची निवड करणाऱ्याचा कल उत्तरात उतरतो. मला या रीतीत सर्वांत जास्त खटकते ते हेच.

दुसरी किंमत मोजण्यांची. तीन बिंदूंच्या त्या सूत्रात 0.70 ला 15/8 ने, 0.343 ला उणे 10/8 ने आणि 0.168 ला 3/8 ने गुणावे लागते. आकड्यांबरोबर त्यांची थरथरही गुणली जाते. तेवढ्याच अचूकतेसाठी प्रत्येक बिंदूवर पाचपटीहून जास्त मोजण्या लागतात. सर्किट लांबले की हे वेगाने बिघडते. एका फेरीत सरासरी एक चूक होत असेल तर मूळ संकेत सुमारे 0.37 उरतो. दहा चुका होत असतील तर तो इतका बारीक होतो की गोंगाटातून वेगळा काढायला जवळपास पन्नास कोटी फेऱ्या लागाव्यात. तेव्हा सगळे बिंदू शून्याशी चिकटतात आणि मागे ओढलेली रेघही शून्यच दाखवते.

जून 2023 मध्ये आयबीएमने 127 क्युबिटांच्या ईगल यंत्रावर 2880 सीनॉटांपर्यंतची सर्किटे या रीतीने हाताळली. गोंगाटाचे आधी बारकाईने मोजमाप करून तो नेमका हवा तितकाच वाढवला होता. ही गोष्ट मला मोठी वाटते. पुढे थोड्याच काळात साध्या संगणकांवरही ती उत्तरे काढून दाखवली गेली, हेही तितकेच खरे.

शमनाहून चूक-दुरुस्तीचे कूळ मात्र वेगळे. ते बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंगच्या वैतागातून निघाले. रिले-संगणक शनिवार-रविवारी चूक सापडताच त्याचे काम टाकून देई. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हे का कळू नये, असे त्याला वाटले. 1950 मध्ये त्याने जादा बिट वापरणारी संकेतावली प्रसिद्ध केली. क्युबिटची नक्कल काढता येत नाही, म्हणून हे तिथे चालणार नाही असे वाटत होते. 1995 मध्ये पीटर शोरने एका क्युबिटची माहिती नऊंत विखरून वाट दाखवली: माहिती न वाचता फक्त त्यांच्यातला मेळ तपासायचा.

फरक इथे स्पष्ट होतो. दुरुस्तीत काम चालू असतानाच, फेरीमागून फेरी, चूक शोधून हिशेबात धरली जाते, त्यामुळे शेवटचे एकेक उत्तर वापरण्याजोगे असते. शमनात क्युबिट जसा बिघडायचा तसाच बिघडतो. सुधारते ती हजारो फेऱ्यांची सरासरी. मोठ्या संख्येचे अवयव पाडायचे असतील तर सरासरी कामाची नाही, तिथे फेरीचे उत्तरच हवे. दुरुस्तीलाही अट आहे: गेटे उंबरठ्यापेक्षा चांगली हवीत, नाहीतर जादा क्युबिट जादा चुकाच आणतात. 2024 मध्ये गूगलच्या विलो यंत्रावर संकेतावलीचे अंतर 3 वरून 5, 5 वरून 7 करताना प्रत्येक पायरीवर चूक निम्म्याहून खाली आली.

अलीकडे काही संशोधकांनी संकेतावलीचे हे अंतर रिचर्डसनच्या जाळीसारखे वापरायचे सुचवले आहे. गेटांच्या घड्या घालायच्या नाहीत, तर अंतर 3, 5 आणि 7 वर तेच गणित चालवायचे आणि रेघ अनंत अंतराकडे ओढायची. धरणाच्या भिंतीवर टाकलेल्या जाड-बारीक चौकटींशी त्या तीन बिंदूंची मांडणी मिळतीजुळती आहे.