निर्वासित कोणाला म्हणतात? छळ, पाच कारणे आणि ‘देशातच दुसरीकडे जा’ हे उत्तर



अमरावती आणि अकोल्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांत आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला असा : बहिष्काराला कंटाळून गाव सोडलेले आणि शहरातल्या वस्तीत भाड्याने राहणारे बौद्ध कुटुंब निर्वासित म्हणायचे का? दुसरा प्रश्न शिकलेल्या तरुणांचा असतो : अशा कुटुंबातला मुलगा कॅनडा किंवा इंग्लंडला गेला, तर जातीच्या छळाच्या कारणावरून त्याला तिथे आश्रय मिळेल का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच व्याख्येत आहे. ती व्याख्या कागदावर काय सांगते आणि प्रत्यक्षात कुठे अडते, हे या लेखात मांडत आहोत.

व्याख्या काय आहे

निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 1951 सालचा आहे. 1967 च्या पूरक कराराने त्याची काळाची आणि प्रदेशाची मर्यादा काढून टाकली. या करारानुसार निर्वासित ठरण्यासाठी माणूस स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे आणि छळ होईल अशी त्याची भीती सबळ कारणावर उभी असली पाहिजे. तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणासाठी होणारा असला पाहिजे. शिवाय स्वतःच्या सरकारचे संरक्षण त्याला मिळत नसले पाहिजे, किंवा या भीतीमुळे ते घेणे त्याला शक्य नसले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. गाव सोडून अकोल्यात आलेले कुटुंब देशाबाहेर गेलेले नाही, म्हणून या करारानुसार ते निर्वासित नाही. ते देशांतर्गत विस्थापित आहे. भारताने तर या करारावर सहीच केलेली नाही. आपल्याच विदर्भात गोंदिया जिल्ह्यात तिबेटी बौद्धांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथले लोक भारत सरकारच्या धोरणावर राहतात, या करारावर नाही.

पण विस्थापित कुटुंबाच्या हातात काहीच नाही असे नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 नुसार गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे हाही 2015 च्या दुरुस्तीनंतर त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम 15अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांच्या पुनर्वसनाची आणि स्थलांतराची तरतूद आहे. आपल्याकडची किती प्रकरणे या कलमांखाली नोंदवली गेली, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे. पुढे परदेशातल्या प्रकरणातही हाच कागद लागतो.

भेदभाव कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो

‘छळ’ या शब्दाची व्याख्या करारात दिलेली नाही. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका म्हणजे छळ, याबद्दल वाद नाही. हॉटेलात वेगळा कप देणे किंवा घर भाड्याने नाकारणे हा भेदभाव आहे, पण तेवढ्यावर निर्वासित दर्जा मिळत नाही. मात्र एकेका घटनेचे वजन वेगवेगळे न करता सगळ्यांचे मिळून करायचे, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची मार्गदर्शिका 1979 पासून सांगत आली आहे. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, पाणी बंद आणि वर मारहाणीची धमकी, असे सगळे एकत्र आले आणि जगणेच अशक्य झाले तर तो छळ ठरू शकतो. म्हणून ‘आमच्यावर बहिष्कार होता’ असे एक वाक्य लिहून भागत नाही. काय बंद झाले, कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस, हे मांडावे लागते.

भीती ‘सबळ’ असण्यासाठी धोका अर्ध्याहून जास्त शक्यतेचा असावा लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये म्हटले की दहात एक एवढी शक्यतासुद्धा पुरू शकते.

पाच कारणांत जात कुठे बसते

यादीत ‘जात’ हा शब्द नाही. तरीही तिला आत यायला वाटा आहेत. वंशभेदाविरुद्धच्या 1965 च्या करारात ‘जन्म-कुळ’ हा आधार आहे, आणि त्यात जात येते असे त्या कराराच्या समितीने 2002 मध्ये स्पष्ट केले. भारत सरकारला हे मान्य नाही. दुसरी वाट विशिष्ट सामाजिक गटाची. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये वॉर्ड प्रकरणात सांगितले की जन्मजात किंवा बदलता न येणारे लक्षण असलेले लोक असा गट ठरू शकतात. जातीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

बौद्धांसाठी तिसरी वाट धर्माची. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपण जात सोडली, पण गावाने आपल्याला जातीनेच पाहणे सोडले नाही. इथे कायदा छळणाऱ्याच्या नजरेतून पाहतो. तुम्ही स्वतःला काय मानता यापेक्षा तो तुम्हाला काय समजून मारतो, हे महत्त्वाचे. म्हणून अर्जात धर्म आणि जात ही दोन्ही कारणे लिहावीत.

‘जातीमुळे’ की ‘भांडणामुळे’

प्रकरणे सर्वांत जास्त अडतात ती इथे. छळ त्या कारणासाठीच झाला, हे दाखवावे लागते. आपल्याला हा प्रश्न नवा नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा केली नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हे हत्याकांड सूडाचे मानले आणि फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली. जातीची पार्श्वभूमी सर्वांना दिसत होती, पण न्यायालयाला हेतू सूडाचा दिसला.

परदेशातल्या अर्जातही हेच होते. शेताचा बांध, रस्ता, निवडणूक, साक्ष असे काही मध्ये आले की अधिकारी लिहितो : हे खासगी भांडण आहे. याला उत्तर आहे. पाचांपैकी एखादे कारण हे एकमेव किंवा प्रमुख असलेच पाहिजे असे नाही, ते कारणांपैकी एक असले तरी पुरते, अशी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेची भूमिका आहे. अमेरिकेत मात्र 2005 च्या कायद्यापासून ते ‘एक मध्यवर्ती कारण’ असावे लागते. म्हणून भांडणात कोणते शब्द वापरले, तसेच भांडण दुसऱ्या जातीच्या माणसाशी झाले असते तर गावाने असेच केले असते का, हे जबाबात आले पाहिजे. एफआयआरमध्ये जातिवाचक शब्द सुटले, तर पुढे सगळीकडे सुटतात.

‘देशातच दुसरीकडे जा’

आता सर्वांत मोठा अडसर. तुमच्या गावात धोका आहे हे मान्य, पण मुंबईत किंवा बंगळुरूत का राहत नाही? याला अंतर्गत स्थलांतराचा पर्याय म्हणतात. भारतीयांचे अनेक अर्ज इथेच फेटाळले जातात, कारण देश मोठा आणि फिरण्याचा हक्क घटनेत आहे. छळणारे स्वतः सरकारच असेल तर हा पर्याय सहसा धरला जात नाही. तिबेटींना ‘चीनमध्येच दुसरीकडे जा’ म्हणण्यात अर्थ नसतो तो यासाठी. छळणारे गावकरी असले की हा प्रश्न येतोच.

कॅनडात रसरत्नम प्रकरणापासून याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली : त्या ठिकाणी छळाची गंभीर शक्यता आहे का? दुसरी : तिथे राहायला जाणे सर्व परिस्थिती पाहता वाजवी आहे का? मंडळाने शहराचे नाव घेऊन आधी सूचना द्यावी लागते. त्यानंतर ते शहर सुरक्षित नाही हे दाखवण्याचा भार अर्जदारावर येतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून बहिष्कार झाला. कुटुंबाने तक्रार केली, मुलाने साक्ष दिली, त्याला मारहाण झाली. ते अकोल्यात आले. सहा महिन्यांनी गावातले दोघे तिथे शोधत आले आणि साक्ष फिरव म्हणून धमकावून गेले. मुलगा पुढे शिकायला कॅनडात गेला आणि त्याने आश्रय मागितला.

मंडळ विचारेल : मुंबई का नाही? अकोल्यात शोधून काढले, ही त्याची बळकट बाजू. पण पहिल्या पायरीवर दोन गोष्टी पाहिल्या जातात : छळणाऱ्यांकडे मुंबईत शोधण्याची साधने आहेत का, आणि आजही तेवढी इच्छा आहे का? गावच्या पुढाऱ्याचा हात मुंबईपर्यंत पोचतो असे मंडळ सहज मानत नाही. एखाद्याचा नातेवाईक पोलिसात असेल, भाडेकरू नोंदणीतून पत्ता मिळण्याची खरी शक्यता असेल, किंवा तो परदेशात गेल्यावरही आईवडिलांकडे ‘पोरगा कुठे आहे’ म्हणून माणसे येत असतील, तर त्याला पुरावा लागतो : खटल्याची पुढची तारीख, फोनची नोंद, नवी तक्रार. आपला पत्ता आईवडिलांपासूनही लपवून राहावे लागेल, अशी जागा पर्याय मानता येत नाही, असे कॅनडाच्या फेडरल कोर्टाने काही निकालांत म्हटले आहे. आपल्या प्रकरणांत हा मुद्दा फार उपयोगी आहे.

दुसरी पायरी अधिक कठीण. घर मिळणार नाही, आडनाव विचारतात, ओळखीचे कोणी नाही, हे सगळे खरे आहे. पण 2000 सालच्या रंगनाथन निकालाने मर्यादा फार उंच ठेवली : जीव आणि सुरक्षितता धोक्यात येईल अशी परिस्थिती आणि तिचा ठोस पुरावा. इंग्लंडमध्ये 2006 च्या जानुझी निकालातली कसोटी ‘अवाजवी कठोर’ अशी आहे, आणि तुलना इंग्लंडच्या राहणीमानाशी करायची नाही. म्हणून शिकलेला, हिंदी-इंग्रजी येणारा एकटा तरुण या पायरीवर बहुधा हरतो. लहान मुले असलेली विधवा किंवा आजारी वृद्ध यांची बाजू जास्त बळकट असते.

इथे आपले तरुण म्हणतात, ‘जात तर सगळीकडेच आहे.’ हे खरे आहे, पण मंडळाला ते पुरत नाही. त्याचे उत्तर ठरलेले असते : भेदभाव सगळीकडे असेल, छळ प्रत्येकाचा होतो असे नाही. तुझा होईल हे दाखव.

आपल्या पत्राचे वजन

अशा प्रकरणांत संघटनेचे पत्र मागितले जाते. ‘अर्जदाराला संपूर्ण भारतात जिवाला धोका आहे’ असे लिहिलेले पत्र निरुपयोगी असते. पाच जणांना एकाच मजकुराची पत्रे गेली तर पाचही बुडतात आणि पुढच्या खऱ्या माणसाचेही नुकसान होते. पत्रात आपण स्वतः काय पाहिले, कोणत्या तारखेला, पोलीस ठाण्यात सोबत कोण गेले, तक्रार घेतली की नाही, एवढेच लिहावे. जे पाहिले नाही ते लिहू नये. पैसे घेऊन कहाणी रचून देणाऱ्या एजंटाला दारात उभे करू नये.

आणि हे पत्र परदेशाच्या अर्जाच्या वेळी लिहायला बसू नये. गाव सोडल्याच्या आठवड्यातच तक्रार, वैद्यकीय दाखला, बंद दुकानाचा फोटो आणि साक्षीदारांची नावे जमवावीत. ते कुटुंब कधी परदेशी जाणार नसेल, तरी कलम 15अ खाली त्याला अकोल्यात पुनर्वसन मागायला हीच फाईल लागणार आहे.