साक्षीदार जीवाणू : गावची विहीर आणि पंधरा नळ्यांचा हिशोब

(१) १८८४ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कोलकात्यात पटकीचा शोध घेत होते. शहराच्या एका भागात साथ होती. तेथील लोक एकाच तळ्याचे पाणी पिण्यासाठी, आंघोळीसाठी आणि कपडे धुण्यासाठी वापरत. त्या तळ्यात कॉख यांना स्वल्पविरामाच्या आकाराचा पटकीचा जंतू सापडला. यापुढे प्रत्येक विहिरीत हाच जंतू शोधावा, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पाणीतपासणीने निराळी वाट धरली. आज गावच्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत जाते, तेव्हा बहुधा पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू शोधला जात नाही. शोधला जातो तो माणसाच्या आतड्यातील एक नित्याचा रहिवासी.

(२) त्याचे कारण साधे आहे. रोगजंतू पाण्यात येतात ते रोगी माणसाकडून, थोड्या संख्येने आणि अधूनमधून. सोमवारच्या बादलीत ते असतील, मंगळवारच्या बाटलीत नसतील. विषमज्वराची लक्षणे तर दूषित पाणी प्यायल्यानंतर बहुधा एक ते दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर विहिरीतील जंतू नाहीसा झालेला असू शकतो. चोर पकडण्यासाठी घरासमोर उभे राहावे आणि चोर पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेलेला असावा, अशी ती स्थिती होती.

(३) पर्याय मिळाला तो तान्ह्या बाळांच्या विष्ठेत. १८८५ मध्ये म्यूनिक येथील बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिख यांनी तेथे आढळणाऱ्या एका जीवाणूचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो पुढे ‘एशरिखिया कोलाय’, म्हणजेच ई. कोलाय म्हणून ओळखला गेला. निरोगी माणसाच्या विष्ठेतही तो विपुल असतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला, तर विष्ठेला त्या पाण्यापर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली आहे, हे सिद्ध होते. आज त्या वाटेने निरोगी माणसाचे जीवाणू आले असतील, तर उद्या रोग्याचेही येतील. अशा रीतीने हा जीवाणू गुन्हेगार म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून उभा राहिला.

(४) साक्षीदाराला बोलते करायचे कसे? त्याची एक सवय उपयोगी पडली : तो साखर आंबवून वायू तयार करतो. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांनी न्यू यॉर्क राज्यातील नद्यांच्या पाण्याचे छोटे अंश साखरेच्या पोषक द्रावात घालून, वायू धरतो की नाही यावरून प्रदूषणाचे मोजमाप मांडले. १८९८ मध्ये हर्बर्ट डरहॅम यांनी द्रावाच्या नळीत एक चिमुकली नळी उलटी बुडवण्याची युक्ती काढली. वायू तयार झाला की तो या उलट्या नळीत अडकतो आणि बुडबुडा डोळ्यांना दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी द्रावात पित्तक्षार व दुग्धशर्करा वापरली. पित्तात तगून राहणे हा आतड्यातील जीवाणूंचा सराव. मातीतील अनेक जीवाणूंना ते जमत नाही. दुग्धशर्करा आंबवून आम्ल व वायू तयार करणाऱ्या या गटाला ‘कोलिफॉर्म’ असे नाव मिळाले.

(५) आता एका विहिरीचे उदाहरण घेऊ. कोकणातील एक वाडी, जुलै महिना. सार्वजनिक विहिरीचा कठडा एका बाजूने खचला आहे आणि वरच्या अंगाला एक शोषखड्डा आहे. नमुना घ्यायचा तो निर्जंतुक बाटलीत, तोंडाला व झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. ती उन्हात गाडीच्या टपावर राहिली, तर काही जीवाणू मरतात, काही वाढतात, आणि मिळणारा आकडा विहिरीचा न राहता प्रवासाचा होतो.

(६) प्रयोगशाळेत पंधरा नळ्या मांडल्या जातात. प्रत्येकीत पोषक द्राव आणि उलटी डरहॅम नळी असते. पहिल्या पाच नळ्यांत प्रत्येकी १० मिलिलिटर पाणी, पुढच्या पाचांत १ मिलिलिटर आणि शेवटच्या पाचांत ०.१ मिलिलिटर. पहिल्या पाचांतील द्राव दुप्पट तीव्रतेचा लागतो, कारण १० मिलिलिटर पाणी मिसळले की तो पातळ होऊन योग्य तीव्रतेवर येतो. सर्व नळ्या ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला उबवतात. २४ तासांनी एकदा आणि ४८ तासांनी पुन्हा पाहतात. आमच्या विहिरीच्या नमुन्यात समजा अनुक्रमे पाच, तीन आणि एक अशा नळ्यांत वायू धरला. निकाल लिहिला जातो : ५-३-१.

(७) या तीन अंकांतून संख्या कशी निघते, हा या पद्धतीचा गाभा आहे. नळी ‘किती’ हे सांगत नाही. ती फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. एक जीवाणू पडला काय आणि पन्नास पडले काय, दोन दिवसांनी बुडबुडा दिसणारच. म्हणून प्रश्न उलटा विचारावा लागतो : पाण्यात किती जीवाणू असतील, तर असा निकाल लागण्याचा संभव सर्वांत अधिक राहील? १९१५ मध्ये कॅनडातील एम. एच. मॅक्रेडी यांनी या प्रश्नाला संभाव्यतेच्या गणिताने उत्तर दिले. त्यातून ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ ही कल्पना आणि तिची कोष्टके रूढ झाली. आजचे अहवाल तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एमपीएन’ म्हणतात.

(८) कोष्टकात ५-३-१ पुढे संख्या आहे ११० : दर १०० मिलिलिटरला एवढे कोलिफॉर्म. ती पटते का, ते पाहता येते. १०० मिलिलिटरला ११०, म्हणजे १० मिलिलिटरला सरासरी ११. पाचही नळ्या धरणारच. १ मिलिलिटरला सरासरी १.१, पण जीवाणू मोजून वाटलेले नसतात, कुठे दोन-तीन पडतात, कुठे एकही नाही. गणिताने पाचांपैकी तीनएक नळ्या धरतील. ०.१ मिलिलिटरच्या नळ्यांत बहुधा शून्य किंवा एक. निकाल जुळतो. तरी ११० हा मोजलेला आकडा नव्हे. पाचच नळ्यांच्या संचात खरी संख्या तीस-चाळीसपासून अडीचशे-तीनशेपर्यंत कुठेही असू शकते. म्हणून मागच्या महिन्यात ८० आणि या महिन्यात ११० आले, म्हणजे पाणी बिघडले, असे म्हणता येत नाही.

(९) हा झाला पहिला, ‘संभाव्य’ टप्पा. उष्ण प्रदेशात येथेच थांबणे धोक्याचे असते, कारण कोलिफॉर्म गटातील काही जीवाणू माती व पालापाचोळ्यातही सुखाने राहतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरतात. १९०४ मध्ये नेदरलँड्सच्या क्रिस्टियान आइकमन यांनी उष्णतेची चाळणी सुचवली : उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातून आलेले जीवाणू ४६ अंशांनाही साखर आंबवतात. आज ४४ ते ४४.५ अंश वापरतात. वायू धरलेल्या प्रत्येक नळीतून थेंबभर द्राव नव्या नळीत नेऊन या तापमानाला उबवतात. आमच्या उदाहरणात तेथे ५-२-० आले, तर संख्या सुमारे ५० निघते. म्हणजे काही कोलिफॉर्म मातीचे होते, पण विष्ठेशी नाते सांगणारेही भरपूर आहेत. ई. कोलायची खूण पटवायची तर इंडोल चाचणीत द्रावावर लाल कडे उमटते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात असा एकही जीवाणू आढळता कामा नये. ही विहीर नापास झाली.

(१०) चुका मात्र दोन्ही बाजूंनी होतात. द्राव भरतानाच डरहॅम नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर स्वच्छ पाणीही दूषित ठरते. म्हणून उबवण्यापूर्वी प्रत्येक नळी पाहावी लागते. याहून घातक चूक उलट दिशेची. नमुना घेण्यापूर्वी विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल, तर पाण्यातील क्लोरीन बाटलीतही आपले काम चालू ठेवतो. वाटेत जीवाणू मरतात आणि अहवाल निर्मळ येतो. ते टाळण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घालतात. ते क्लोरीनला तत्काळ निष्प्रभ करते. ते नसेल, तर ‘योग्य’ असा शेरा विहिरीला नव्हे, बाटलीला मिळालेला असतो.

(११) दुसरी अडचण वेळेची. दोन्ही टप्पे मिळून तीन-चार दिवस जातात आणि गाव तोवर तेच पाणी पीत असते. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी गावातच करता येईल अशी हायड्रोजन सल्फाइडची साधी चाचणी प्रसिद्ध केली. दूषित पाण्याने बाटलीतील कागदाची पट्टी काळी पडते. ती संख्या सांगत नाही, इशारा देते. क्लोरीन टिकला आहे का, हे ओ.टी. चाचणी तर काही क्षणांतच पिवळ्या रंगाने सांगते.

(१२) आणि साक्षीदार कधी गप्पही राहतो. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि ते शहराच्या पाणीपुरवठ्यात आले. क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. विषमज्वर व आमांशाची लाट आली नाही. जीवाणू मेले होते. पण काही आठवड्यांत काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. ज्या विषाणूने ते घडवले, त्याला आज हिपॅटायटिस ई म्हणतात. क्लोरीनपुढे कोलिफॉर्म लवकर मरतो. काही विषाणू आणि परजीवींची कवचे त्याहून चिवट असतात. म्हणून शून्य कोलिफॉर्म म्हणजे शून्य धोका नव्हे. विशेषतः क्लोरीन घातलेल्या पाण्यात हा साक्षीदार घटनेआधीच मरण पावलेला असू शकतो.

(१३) आता पुन्हा वाडीच्या विहिरीकडे. तिचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रचलित प्रमाणाने सुमारे १९० ग्रॅम टीसीएल लागेल. मात्र पावडर हा त्या दिवसापुरता उपाय आहे. वाट शोधायची तर नमुने पुन्हा घ्यावे लागतात : मुसळधार पावसानंतर लगेच आणि उघडीप पडल्यावर. पावसाबरोबर आकडा उसळत असेल आणि उघडिपीत उतरत असेल, तर संशय खचलेल्या कठड्यावर. उघडिपीतही तो हटत नसेल, तर शोषखड्ड्यावर. पंधरा नळ्यांनी वाट उघडी आहे एवढी साक्ष दिली. ती कुठून येते, हे विहिरीच्या काठावर उभे राहूनच पाहावे लागते.