जोखमीचे मापन आणि भांडवलाचा नाश : एका संकल्पनेचा इतिहास

रोख्यांतील गुंतवणुकीची ‘जोखीम’ म्हणजे काय, या प्रश्नाला आज अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एकच उत्तर मिळते : परताव्याची चलबिचल, आणि त्या चलबिचलीचा एकंदर बाजाराशी निगडित असलेला भाग, म्हणजे बीटा. हे उत्तर मूळ प्रश्नाचेच आहे, की गणिताच्या सोयीसाठी बदलून घेतलेल्या दुसऱ्याच प्रश्नाचे, हे पाहण्यासाठी या संकल्पनेचा इतिहास तपासणे उपयुक्त ठरते.

1952 साली या विषयावर दोन स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाले. मार्च महिन्यात हॅरी मार्कोविट्झ यांनी ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये असे प्रतिपादन केले की, गुंतवणूकदाराने सरासरी परतावा आणि त्याचे प्रचरण या दोहोंचा एकत्र विचार करावा. त्याच वर्षी जुलैमध्ये ए. डी. रॉय यांचा निबंध ‘इकॉनॉमेट्रिका’त आला. रॉय यांचा आरंभबिंदू निराळा होता. मनुष्याला प्रथम चिंता असते ती सर्वनाशाची. म्हणून संपत्ती एका विशिष्ट पातळीच्या खाली जाण्याची संभाव्यता शक्य तितकी कमी करणे हा त्यांनी निवडीचा निकष मानला. जोखीम म्हणजे नुकसान, हा व्यवहारातील अर्थ येथे जसाच्या तसा राखलेला दिसतो. परंतु ती संभाव्यता मोजावयाची कशी? रॉय यांनी चेबिशेव्हच्या असमानतेचा आधार घेतला, आणि अखेर त्यांच्याही सूत्रात प्रमाण विचलनच येऊन बसले. प्रश्न नाशाचा होता. हाती असलेले माप मात्र चलबिचलीचे होते.

मार्कोविट्झ यांना ही उणीव ठाऊक नव्हती असे नाही. प्रचरणाच्या गणनेत सरासरीहून अधिक मिळालेला लाभ आणि सरासरीहून कमी मिळालेला परतावा या दोहोंना सारखेच वजन मिळते. अनपेक्षित नफ्यालाही जोखीम म्हणावे लागते. म्हणूनच 1959 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी केवळ खालच्या बाजूची विचलने मोजणाऱ्या अर्धप्रचरणाची चर्चा केली आणि त्याचा तात्त्विक दावा मान्यही केला. तथापि गणनेचा खर्च, सोय आणि परिचितता या दृष्टींनी त्यांनी प्रचरणासच पसंती दिली.

गणनेचा भार हा त्या काळी क्षुल्लक मुद्दा नव्हता. शंभर रोख्यांसाठी मार्कोविट्झ यांच्या पद्धतीने शंभर सरासऱ्या, शंभर प्रचरणे आणि 4,950 सहप्रचरणे, म्हणजे एकूण 5,150 अंदाज लागत. 1963 साली विल्यम शार्प यांनी प्रत्येक रोख्याचा संबंध एकाच निर्देशांकाशी जोडला, तेव्हा हेच काम 302 अंदाजांत होऊ लागले. 1964 च्या त्यांच्या निबंधाने, आणि लिंटनर व मोसिन यांच्या लगतच्या लेखनाने, त्याच विचाराला किंमतनिर्धारणाच्या सिद्धान्ताचे रूप दिले. रोख्याच्या व बाजाराच्या परताव्यांच्या सहप्रचरणास बाजाराच्या प्रचरणाने भागले की बीटा मिळतो. जी चलबिचल विविधीकरणाने विरून जाते, तिच्याबद्दल बाजार मोबदला देत नाही. उरते ती बीटाची जोखीम.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या सूत्रात फक्त भूतकालीन किमतींतून काढलेले परतावे येतात. संस्थेवरील कर्ज, तिची व्याज देण्याची क्षमता, रोख्याला मोजलेली किंमत आणि मालमत्तेचे मूल्य यांचे गुणोत्तर, यांपैकी काहीही त्यात थेट येत नाही. ते किमतीत प्रतिबिंबित झालेले असावे, हे गृहीत आहे. या गृहीताची कसोटी पाहणारी दोन उदाहरणे लवकरच घडली.

पहिले पेन सेंट्रल या अमेरिकन रेल्वेचे. 1 फेब्रुवारी 1968 रोजी दोन जुन्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून ती निर्माण झाली. त्यांपैकी पेनसिल्व्हेनिया रेल्वेने 1848 पासून शतकाहून अधिक काळ अखंड लाभांश दिला होता. 1968 मध्ये नव्या कंपनीचा भाग 86½ डॉलरपर्यंत चढला. 21 जून 1970 रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या वर्षी भाग 5½ डॉलरपर्यंत उतरला. घट सुमारे 94 टक्के. मूळ किंमत परत येण्यासाठी भाग जवळजवळ सोळापट वाढावयास हवा होता. बेंजामिन ग्रॅहम यांनी नंतर दाखवून दिले की, इशारा किमतीच्या आलेखात नव्हे, ताळेबंदात होता. 1968 साली कंपनीचे उत्पन्न व्याजाच्या केवळ 1.98 पट होते; रेल्वेच्या रोख्यांसाठी त्यांची किमान अपेक्षा करपूर्व पाचपट होती. उत्पन्न निम्म्यावर आले की व्याज भागवून हाती काहीच उरणार नाही, हे 1.98 या आकड्यातच लिहिलेले होते. शिवाय नफा दाखविणारी ही संस्था आयकर जवळजवळ भरतच नव्हती. त्यावरून त्या नफ्याच्या खरेपणाविषयी शंका घ्यावयास हवी होती.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. 1973 साली वॉशिंग्टन पोस्ट कंपनीची बाजारातील एकूण किंमत सुमारे 8 कोटी डॉलर होती. ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफे यांच्या मते तिची मालमत्ता 40 कोटींना सहज विकता आली असती. बफे यांच्या कंपनीने 1.06 कोटी डॉलर गुंतविले. 1974 अखेर त्यांची बाजारकिंमत सुमारे 80 लाखांवर आली. 1984 साली कोलंबिया विद्यापीठात बोलताना त्यांनी या व्यवहारातील विसंगती मांडली : किंमत 8 कोटींवरून 4 कोटींवर घसरली असती, तर बीटा वाढला असता आणि तीच मालमत्ता अधिक स्वस्तात घेणे ‘अधिक जोखमीचे’ ठरले असते. भाग विकले नाहीत म्हणून कागदावरील तोटा कागदावरच राहिला. 1985 अखेर त्या गुंतवणुकीची किंमत 20 कोटी डॉलरांहून अधिक झाली होती.

यावर बीटावादी म्हणतील की, पेन सेंट्रल हा एका संस्थेचा अपघात होय. विविधीकरण केलेल्या संग्रहात तो विरून जातो. हे उत्तर एका मर्यादेपर्यंत योग्यच आहे. परंतु संपूर्ण बाजारच अवास्तव महाग झाला असेल तर काय? बाजाराचा स्वतःशी असलेला बीटा व्याख्येनेच एक असतो, मग पातळी कोणतीही असो. टोकियोचा निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस 38,915 वर पोचला आणि ती पातळी ओलांडण्यास 2024 साल उजाडावे लागले. व्यापक जपानी संग्रहाचा तेथील बाजाराशी बीटा या सर्व काळात एकाच्या आसपासच राहणार. शिखरावर खरेदी करणाऱ्यास त्याने कोणताच इशारा दिला नसता.

चलबिचल निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. ज्याने कर्ज काढून भाग घेतले आहेत, किंवा ज्याला ठराविक दिवशी पैसे लागणार आहेत, त्याला पडत्या भावात विकावे लागते. त्याच्या बाबतीत तात्पुरती घसरणच कायमचा तोटा होते. म्हणजे चलबिचलीचा धोका रोख्याइतकाच धारकाच्या परिस्थितीवर अवलंबून असतो, आणि बीटा धारकाविषयी काहीच सांगत नाही.

कायमचा नाश तीन मार्गांनी येतो : संस्थेची अर्जनशक्ती खचल्याने, मूल्याहून फार अधिक किंमत मोजल्याने, किंवा धारकाला अवेळी विकावे लागल्याने. पहिल्यासाठी ताळेबंद, दुसऱ्यासाठी किंमत व मूल्य यांची तुलना, आणि तिसऱ्यासाठी धारकाची देणी तपासावी लागतात. यांपैकी एकही गोष्ट एका आकड्यात बसत नाही, आणि मूल्याचा अंदाज चुकूही शकतो. रॉय यांनी 1952 साली विचारलेला प्रश्न म्हणूनच आजही उभा आहे. बीटाने त्याचे उत्तर दिलेले नाही, त्याच्या जागी मोजण्यास सोपा असा दुसरा प्रश्न ठेवला आहे.