अंकरूप, सादरीकरणातील

मराठी स्लाइडवर आकडे १, २, ३ असे देवनागरीत लिहावेत की 1, 2, 3 असे, आणि एकदा केलेली निवड मजकूर, तक्ता व आलेख यांत कशी टिकवावी, हा या नोंदीचा विषय. दुसऱ्या रूपाला बोलीत ‘इंग्रजी अंक’ म्हणतात. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात मात्र त्याला भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे, आणि संघराज्याच्या कामकाजासाठी तेच ठरवून दिले आहे. मराठी छापील परंपरा देवनागरी अंकांची आहे.

संगणकाच्या लेखी हे एकाच अंकाचे दोन पोशाख नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांची जागा U+0966 ते U+096F अशी वेगळी आहे. त्यामुळे 2011 शोधले तर २०११ सापडत नाही. पॉवरपॉइंट लॅटिन आणि देवनागरी अक्षरांसाठी दोन वेगळे फॉन्ट वापरते. म्हणूनच मिश्र अंकांच्या ओळीत एक आकडा जाड आणि दुसरा किरकोळ दिसतो.

सर्वांत मोठा धोका वाचनातला. १ हा घाईत 9 वाटतो, ४ हा 8 वाटतो. संपूर्ण तक्ता एकाच रूपात असला की डोळा सरावतो. मिश्र तक्त्यात प्रत्येक आकड्यापाशी अडखळतो.

उदाहरण. महाराष्ट्राची लोकसंख्या १९९१ मध्ये ७,८९,३७,१८७, २००१ मध्ये ९,६८,७८,६२७ आणि २०११ मध्ये ११,२३,७४,३३३ होती. या तीन जनगणनांची स्लाइड घाईत केली की सहसा असे होते: शीर्षकात २०११, आलेखाच्या आडव्या अक्षावर 2011, उभ्या अक्षावर 120,000,000 आणि शेजारच्या तक्त्यात ११,२३,७४,३३३. म्हणजे अंकांची रूपे दोन आणि स्वल्पविरामाच्या पद्धतीही दोन. बारा कोटी ओळखायला प्रेक्षकाला शून्ये मोजावी लागतात.

उपाय म्हणून अनेक जण आलेखामागच्या एक्सेल तक्त्यातच देवनागरी आकडे टंकतात. अशा वेळी एक्सेलने त्यांना संख्या न मानता मजकूर मानले, तर बेरीज शून्य येते आणि स्तंभ उभेच राहत नाहीत. खूण सोपी आहे: मजकूर मानलेला आकडा कप्प्यात डावीकडे चिकटतो, संख्या उजवीकडे.

योग्य वाट अशी की किंमत जशीच्या तशी ठेवून तिचे फक्त दर्शन बदलावे. वरील आकडे कोटींत आणून 7.89, 9.69 आणि 11.24 असे भरावेत आणि कप्प्यांना हा संख्या-आराखडा द्यावा:

```
[$-4000439]0.00
```

यातील पहिला 4 देवनागरी अंकांसाठी आहे. 439 हा हिंदीचा क्रमांक आहे, पण हिंदी आणि मराठीचे अंक एकच असल्याने इथे अडत नाही. कप्प्यात ११.२४ दिसते, आत संख्या 11.24 च राहते. कोटींत मांडल्यामुळे स्वल्पविरामाचा प्रश्नही मिटतो, फक्त अक्षाजवळ ‘कोटी’ लिहायला विसरू नये.

पुढची पायरी बहुधा राहून जाते. अक्ष आणि स्तंभांवरची लेबले यांची संख्या-मांडणी वेगवेगळी असते. दोन्हींच्या Number विभागात हाच आराखडा देऊन Linked to source ही खूण काढावी, म्हणजे तक्त्याची मांडणी बदलली तरी आलेखाचे अंक जागचे हलत नाहीत. वर्षांची गोष्ट निराळी. त्यांची बेरीज करायची नसते, ती फक्त नावे आहेत. म्हणून ‘२०११’ हे मजकूर म्हणून टंकले तरी चालते, किंबहुना तेच बरे. संख्या म्हणून भरलेली वर्षे कधी कधी आलेखात स्वतंत्र स्तंभ होऊन उभी राहतात.

निवड. मराठी वाचकांसाठीच्या, मराठीत बोलल्या जाणाऱ्या सादरीकरणात देवनागरी अंक स्वाभाविक आहेत. सूत्रे, प्रयोगशाळेतील मोजमापे किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून चित्ररूपात आलेले आलेख जास्त असतील, तर सगळीकडे आंतरराष्ट्रीय रूप घेणे शहाणपणाचे. चित्रातले अंक बदलता येत नाहीत. देवनागरी निवडली तरी संकेतस्थळाचे पत्ते व सूत्रे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवावीत. फोन क्रमांकाबाबत एकमत नाही.

तपासणी. लिब्रेऑफिसमध्ये नियमित राशी वापरून `[0-9]` शोधले की मजकुरातले चुकार अंक सापडतात. आलेखातील अंक डोळ्यांनीच पाहावे लागतात. आपोआप पडणारे स्लाइड क्रमांकही वेगळे पाहावेत. युनिकोडपूर्व काही फॉन्टांत 1 या संकेतावरच १ चे चित्र बसवलेले असे. अशा जुन्या फायलीचा फॉन्ट बदलताच सगळे अंक आंतरराष्ट्रीय होतात.